तीन रोलरचा एक सेट: एक्स्प्लोडेड व्ह्यू, बलून आणि बीओएम नीट कसे काढायचे

४० सेटचं काम होतं. बेल्ट कन्व्हेयरचे आयडलर, म्हणजे बेल्टच्या खाली मधे एक आडवा आणि दोन्ही बाजूंना एकेक तिरका असे तीन रोलर असतात ना, ज्यामुळे बेल्टला पन्हळीसारखा आकार येतो, तो एक सेट, असे ४०. ड्रॉइंग मी काढलेलं. पर्चेसने त्यावरचा बीओएम, म्हणजे कुठले भाग किती लागतात त्याचा तक्ता, बघून ८० बेअरिंग मागवली आणि लागणार होती २४०. तक्त्यात बेअरिंगसमोर २ लिहिलेलं होतं आणि तो आकडा खोटा नव्हता, एका रोलरला दोनच लागतात, पण तक्ता रोलरचा होता आणि शीटवर नाव सेटचं होतं. १३ सेट कसेबसे जुळले आणि बाकीचे रोलर नळीसारखे पडून राहिले, बेअरिंग येईपर्यंत.

तेव्हापासून मी हा विषय कुणालाही शिकवताना याच सेटवर शिकवतो. कॉलेजमधे आपण स्क्रू जॅक आणि प्लमर ब्लॉक काढतो, ते चांगलंच आहे, पण त्यात असेंब्लीच्या आत असेंब्ली नसते, आणि खरा गोंधळ तिथेच होतो.

आधी आपला रोलर बघून घेऊ. ६५० मिमी बेल्टसाठी एक रोलर २५० मिमी लांबीचा, बाहेरचा व्यास ११४.३ मिमी. नळीच्या दोन्ही टोकांना प्रेस केलेली हाउसिंग वेल्ड केलेली असतात. मधून २० मिमीचा शाफ्ट जातो आणि त्याच्या टोकांना दोन बाजूंनी सपाट फ्लॅट मारलेले असतात, ते ब्रॅकेटच्या खाचेत बसतात, म्हणून शाफ्ट फिरत नाही, नळी फिरते. प्रत्येक टोकाला आतून बाहेर या क्रमाने: आतलं सील, ६२०४ बेअरिंग, बेअरिंगला धरून ठेवणारी सर्क्लिप, मग लॅबिरिंथ सीलचे दोन भाग जे एकमेकांत न घासता अडकून धूळ अडवतात, आणि सगळ्यात बाहेर डस्ट कव्हर. शिवाय ग्रीस. एवढंच आहे, आणि तरी यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला एक निर्णय लागतो.

पहिला निर्णय, सुटं काय आणि एक काय. नळी आणि दोन हाउसिंग मिळून तीन भाग आहेत, पण वेल्ड झाल्यावर तो एकच भाग झाला, त्याला शेल म्हणू, स्टोअरमधे तो एकच येतो आणि फिटरच्या हातात पण एकच. म्हणून असेंब्लीच्या एक्स्प्लोडेड व्ह्यूमधे, म्हणजे सगळे भाग ओढून सुटे दाखवलेल्या चित्रात, शेल एकसंध दाखवायचं, नंबरचा एक गोल म्हणजे एक बलून, आणि तक्त्यात एक ओळ. त्याचे तीन तुकडे शेलच्या स्वतःच्या वेल्डिंग ड्रॉइंगवर. नवीन मुलं काय करतात, मॉडेलमधे तीन पार्ट दिसतात म्हणून तिन्ही ओढून बाजूला काढतात, मग असेंब्ली करणारा माणूस विचारतो की हाउसिंग मी बसवायची का. त्याला हा प्रश्न पडला तर ड्रॉइंग चुकलं. मी साधा नियम ठेवलाय, ज्या टेबलावर हे ड्रॉइंग जाणार आहे त्या टेबलावर जी वस्तू सुटी येते तीच सुटी दाखवायची.

आता नंबर. इथे दोन वेगळे नंबर असतात आणि लोक सर्रास एकच समजतात. बलूनच्या गोलात असतो तो आयटम नंबर, १, २, ३ असा. तो फक्त त्या ड्रॉइंगपुरता. रेल्वेचा बर्थ नंबर जसा त्या गाडीपुरता असतो, उद्या दुसऱ्या गाडीत तुम्ही दुसऱ्या बर्थवर, तसं. पार्ट नंबर म्हणजे त्या वस्तूची कायमची ओळख, आधार नंबरसारखी, गाडी कुठलीही असो. तीच २० मिमी शाफ्टची सर्क्लिप रोलरच्या ड्रॉइंगवर आयटम ५ असेल, दुसऱ्या कुठल्या गिअरबॉक्सच्या ड्रॉइंगवर आयटम १७ असेल, पण पार्ट नंबर दोन्हीकडे तोच हवा, नाहीतर स्टोअरमधे एकाच सर्क्लिपचे दोन डबे होतात, एका डब्यात ५०० पडलेल्या आणि दुसरा रिकामा म्हणून नवीन ऑर्डर. बलूनला बीओएमच्या ओळीशी आयटम नंबर जोडतो, आणि त्या ओळीला कपाटातल्या वस्तूशी पार्ट नंबर जोडतो. बलूनमधेच लांबलचक पार्ट नंबर लिहायचा मोह होतो, तो टाळा, गोल मोठे होतात आणि चित्र दिसत नाही.

पार्ट नंबर कसा बनवायचा यावर भांडणं होतात. एक पद्धत म्हणजे नंबरमधेच सगळी माहिती कोंबायची, `RLR-114-250-MS` असं काहीतरी, वाचल्या वाचल्या कळतं की रोलर आहे, ११४ व्यास, २५० लांबी, एमएस. छान वाटतं, पण दोन वर्षांनी त्याच नंबरखाली कुणीतरी व्यास थोडा बदलतो किंवा मटेरियल बदलतं आणि मग नंबर खोटं बोलायला लागतो, किंवा एखादी गोष्ट त्या साच्यात बसतच नाही. मला स्वतःला साधा ओळीने पुढे जाणारा नंबर आवडतो, `10-00231`, आणि माहिती डिस्क्रिप्शनच्या रकान्यात. डिस्क्रिप्शन मात्र शिस्तीत लिहायचं, आधी नाम मग विशेषण: "सर्क्लिप, एक्स्टर्नल, २० मिमी". म्हणजे शोधताना सगळ्या सर्क्लिप एकत्र येतात. "एक्स्टर्नल" लिहायला विसरू नका, कारण शाफ्टच्या खाचेत बाहेरून बसणारी आणि बोअरच्या खाचेत आतून बसणारी या दोन वेगळ्या सर्क्लिप आहेत, आणि नुसतं "सर्क्लिप २०" लिहिलं की पुढचा माणूस अंदाज करतो.

आणि नवीन नंबर कधी द्यायचा? जुना भाग काढून नवीन तिथेच बसवला आणि मशीनला काही फरक पडला नाही, उलटं केलं तरी चाललं, तर नंबर तोच, फक्त रिव्हिजन पुढे. एकमेकांच्या जागी चालत नसतील तर नवीन नंबर. शाफ्टचा फ्लॅट १४ चा १८ केला तर तो जुन्या ब्रॅकेटच्या खाचेत जाणारच नाही, तिथे रिव्हिजन बदलून भागत नाही, कारण कपाटात दोन्ही शाफ्ट एकाच डब्यात पडणार आणि वरून बघून कुणाला कळणार नाही.

आता चित्राकडे येऊ. मी सॉलिडवर्क्सवर करतो म्हणून त्यातली नावं सांगतो, बाकी सॉफ्टवेअरमधे पण हेच सगळं थोड्या वेगळ्या नावाने आहे. असेंब्ली उघडून `Exploded View` घेतलं की एकेक भाग निवडून एका दिशेला ओढायचा, प्रत्येक ओढणं ही एक स्टेप म्हणून साठते. रोलरमधे दिशा एकच, शाफ्टचा अक्ष. शेल जागेवर ठेवायचं आणि बाहेरून आत या क्रमाने ओढायचं, पहिले डस्ट कव्हर सगळ्यात लांब, मग लॅबिरिंथ, मग सर्क्लिप, असं. जोडताना ज्या क्रमाने जाणार त्याच्या बरोबर उलट.

मी सुरुवातीला फक्त उजवी बाजू सोडवली होती, डावीकडे तेच भाग आहेत म्हणून तसेच ठेवले आणि शाफ्ट उजवीकडून बाहेर ओढून दाखवला, चित्र सुटसुटीत झालं. असेंब्लीवाल्या फिटरकाकांनी प्रिंट हातात घेतली, दोन मिनिटं बघितली आणि म्हणाले, "साहेब, डावीकडची सर्क्लिप आत आहे, मग शाफ्ट बाहेर आला कसा?" बरोबर होतं त्यांचं. शाफ्टच्या डावीकडच्या खाचेत सर्क्लिप बसलेली असताना तो बेअरिंगमधून उजवीकडे येऊच शकत नाही. चित्रातली प्रत्येक सरळ रेषा बघणाऱ्याला "हा भाग इथून जातो" असं सांगत असते, आपल्या मनात तसं असो वा नसो. मग मी दोन्ही बाजू सोडवल्या आणि शाफ्ट शेलच्या खाली समांतर उतरवला, आणि शेलच्या अक्षापासून शाफ्टपर्यंत काटकोनात वळणारी एक्स्प्लोड लाइन काढली, बारीक साखळी रेषेची. अशी वळलेली रेषा "हा भाग इथला आहे" एवढंच सांगते, वाटेबद्दल काही बोलत नाही. दोन्ही बाजू सोडवल्याचा दुसरा फायदा असा की बीओएममधले २ डोळ्यांना मोजता येतात.

अंतराचं म्हणाल तर सगळ्या भागांत सारखं अंतर ठेवू नका, सॉफ्टवेअर आपोआप तसं करून देतं पण ते चांगलं दिसत नाही. सर्क्लिप १.२ मिमी जाडीची आहे, बेअरिंग १४ मिमी रुंद. आयसोमेट्रिकमधे तिरकं बघताना मोठ्या व्यासाचं लॅबिरिंथ पुढे असलं की मागची सर्क्लिप पूर्ण झाकली जाते. तिच्या दोन्ही बाजूंना जास्त जागा सोडायची, आणि तरी ती अर्धीच दिसत असेल तर बघण्याचा कोन थोडा बाजूला फिरवायचा म्हणजे गोल जास्त चपटे होतात आणि एकमेकांवर कमी चढतात. सर्क्लिपच्या कानातली दोन भोकं दिसली पाहिजेत, तीच तर तिची ओळख, नाहीतर तो नुसता वॉशर वाटतो.

शीटवर आणताना व्ह्यूच्या प्रॉपर्टीत `Show in exploded or model break state` वर टिक करायची. शेजारी एक जोडलेल्या अवस्थेतला सेक्शन व्ह्यू पण ठेवा. एक्स्प्लोडेड व्ह्यू काय आणि कुठल्या क्रमाने ते सांगतो, पण बेअरिंग खांद्याला टेकलंय का, कव्हर किती आत जातं, हे त्याला सांगता येत नाही. मापं कधीच एक्स्प्लोडेड व्ह्यूवर टाकू नयेत, भागांमधलं अंतर तिथे खरं नसतंच.

बलूनसाठी आधी बीओएमचा टेबल टाका, मग बलून. उलटं केलं तरी होतं, पण टेबल आधी असला की बलून त्याच्याशी बांधला जातो आणि नंबर तिथूनच उचलतो. नंबर हाताने टाइप करायचा नाही, कधीच नाही, कारण टाइप केलेला आकडा मॉडेल बदललं तरी बदलत नाही आणि कुणाला सांगत पण नाही. बांधलेल्या बलूनचं काही बिघडलं तर तो आकड्याच्या जागी `*` किंवा `?` दाखवतो, म्हणजे हा भाग टेबलात नाही किंवा जिथे चिकटवला होता ती कडच गेली. प्रिंट काढायच्या आधी शीटवर फक्त ही दोन चिन्हं शोधायला एक फेरी मारा.

बलूनपासून भागापर्यंत जाणाऱ्या लीडर रेषेचं टोक भागाच्या कडेला टेकत असेल तर बाण, भागाच्या पृष्ठभागावर आत जात असेल तर ठिपका. लीडर एकमेकांना छेदू नयेत, शेजारच्या रेषांना समांतर पण नकोत, म्हणून थोड्या तिरक्या कोनात. गोल सगळे एका मापाचे आणि एका ओळीत उभे किंवा आडवे, `Magnetic Line` ने ते पटकन होतं. एका भागाला एकच बलून, बेअरिंग दोन असली तरी. मी रोलरमधे सगळे बलून उजव्या बाजूच्या भागांना देतो. बोल्ट, वॉशर, नट असा गुच्छ असेल तर एकच लीडर आणि त्याला एकाखाली एक चिकटलेले गोल, ज्या क्रमाने ते बोल्टवर चढतात त्याच क्रमाने.

हा गुच्छ सेटच्या ड्रॉइंगमधे येतो, कारण ब्रॅकेट कन्व्हेयरच्या चॅनलवर चार एम१२ बोल्टने बसतं. आपल्याकडच्या नेहमीच्या आयएसएमसी चॅनलच्या फ्लँजची आतली बाजू उतरती असते, म्हणून नटच्या बाजूला टेपर वॉशर लागतो, नाहीतर नट एका कडेवर टेकतो आणि बोल्ट वाकतो. म्हणजे वरून बोल्ट, साधा वॉशर, मग ब्रॅकेट आणि चॅनल, खाली टेपर वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. एक्स्प्लोडेड व्ह्यूमधे टेपर वॉशरची जाड बाजू कुठे आहे ते स्पष्ट दिसायला हवं, फ्लँज जिकडे पातळ होते तिकडे वॉशरची जाड बाजू. लेखी सूचनेत हे सांगायला दोन ओळी लागतात आणि तरी उलटा बसतो, चित्रात एका नजरेत कळतं.

चॅनल आपल्या सेटचा भाग नाही, पण तो न दाखवता बोल्ट कशात बसतोय ते कळत नाही. म्हणून चॅनलचा छोटा तुकडा असेंब्लीत घ्यायचा आणि त्याला `Exclude from bill of materials` करायचं, आणि व्ह्यूमधे बारीक, दोन ठिपक्यांच्या साखळी रेषेत. आणि हे बोल्ट नक्की कुणाचे, सेटचे की कन्व्हेयरच्या स्ट्रक्चरचे, हे पहिल्याच दिवशी ठरवा. नाहीतर दोन्ही बीओएममधे येतात किंवा दोन्हीतून गळतात, आणि गळलेले साइटवर कळतात. आपण इथे सेटमधे धरूया.

आता तो तक्ता, जिथून हे सगळं सुरू झालं. सॉफ्टवेअर तुम्हाला तीन प्रकार विचारतं. `Top-level only` दिला तर सेटच्या तक्त्यात अशा ओळी येतात:

| आयटम | वर्णन | संख्या |
|---|---|---|
| १ | रोलर असेंब्ली, ११४.३ x २५० | ३ |
| २ | ब्रॅकेट, वेल्डेड | १ |
| ३ | बोल्ट, हेक्स, एम१२ | ४ |
| ४ | वॉशर, साधा, एम१२ | ४ |
| ५ | वॉशर, टेपर, एम१२ | ४ |
| ६ | वॉशर, स्प्रिंग, एम१२ | ४ |
| ७ | नट, हेक्स, एम१२ | ४ |

बेअरिंगचं इथे नावच नाही, ते रोलरच्या तक्त्यात आहे, २. `Parts only` दिला तर रोलरची ओळ गायब होते आणि सगळे सुटे भाग गुणाकार होऊन येतात, बेअरिंग ६, शाफ्ट ३, सर्क्लिप ६. (शेलसारखा वेल्ड केलेला भाग मॉडेलमधे सब-असेंब्ली असेल तर त्याचे पण तुकडे होतात, त्याला `Child component display` मधे `Hide` द्यावं लागतं, मग तो एक ओळ म्हणून राहतो.) तिसरा `Indented`, त्यात रोलर दिसतो आणि त्याच्या खाली आत सरकवून त्याचे भाग. इथे लक्ष ठेवा, आत सरकवलेल्या ओळीतली संख्या कुठल्या एककाची आहे, एका रोलरची की पूर्ण सेटची, हे तक्ता बघून सांगता येत नाही, वर लिहावं लागतं. माझ्या त्या कामात नेमकं हेच झालं होतं.

मी आता काय करतो, असेंब्लीच्या शीटवर `Top-level only`, कारण तिथे बलून रोलरला एकच द्यायचा असतो आणि फिटरच्या हातात रोलर जोडूनच येतो. रोलरचं स्वतःचं वेगळं ड्रॉइंग, त्याचा वेगळा तक्ता. आणि पर्चेसला तिसरा कागद, `Parts only` चा एक्सेल, ज्याच्या हेडिंगमधेच "१ सेटसाठी" लिहिलेलं आणि शेजारी ४० ने गुणलेला रकाना. बेअरिंग ४० गुणिले ३ गुणिले २, २४०. बोल्ट १६०. एकाच तक्त्याने तिघांचं काम करायचा प्रयत्न केला की कुणातरी एकाचं चुकतं.

ग्रीस मॉडेलमधे नसतं म्हणून बीओएममधे पण येत नाही, आणि मग रोलर कोरडाच पॅक होतो. त्याच्यासाठी आकार नसलेला रिकामा पार्ट असेंब्लीत टाकायचा, त्याला पार्ट नंबर द्यायचा, संख्येच्या जागी ग्रॅम. एककाचा रकाना त्यासाठीच ठेवायचा, नाहीतर कुणीतरी ३० ग्रॅमचे ३० डबे वाचतं. बलून नाही दिला तरी चालतो, पण तक्त्यात ओळ हवी.

तक्ता टायटल ब्लॉकच्या वर लावत असाल तर हेडिंग खाली आणि नंबर खालून वर चढते ठेवा. जुन्या लोकांची पद्धत आहे ती आणि तिला कारण आहे, नंतर एक भाग वाढला तर वर मोकळ्या जागेत ओळ चढते, खाली टायटल ब्लॉकवर आदळत नाही.

बदल आला की खरी कसोटी. टेबलात `Follow assembly order` चालू असेल आणि कुणी ट्रीमधे एक भाग वर खाली सरकवला तर सगळे आयटम नंबर सरकतात, बलून पण सरकतात, शीटवर सगळं जुळलेलंच दिसतं. पण स्पेअरच्या पुस्तकात "आयटम ५" म्हणून जे छापून गेलंय ते आता लॅबिरिंथ झालं आणि ग्राहक सर्क्लिप मागतोय. म्हणून ड्रॉइंग एकदा रिलीज झालं की तो पर्याय बंद करतो, भाग रद्द झाला तर त्याचा नंबर रिकामा ठेवतो, नवीन भाग शेवटच्या नंबरला. ४ नंतर ६ आला तर बघणाऱ्याला विचित्र वाटतं, वाटू दे. आणि स्पेअरची मागणी पार्ट नंबरनेच घ्यायची, आयटम नंबरने नाही.

शेवटी मी प्रिंट काढतो, पेन्सिल घेतो आणि तक्ता झाकून नुसत्या चित्रातून भाग मोजतो, रोलरमधे शेल १, शाफ्ट १, मग उजवीकडचे आणि डावीकडचे, कागदाच्या कोपऱ्यात आकडे लिहून. मग तक्ता उघडून जुळवतो. रोलरला पाच मिनिटं लागतात, सेटला दहा. मागच्या वेळी चित्रात स्प्रिंग वॉशर ४ मोजले आणि तक्त्यात ८ निघाले, बघितलं तर दुसरे चार पहिल्या चारांच्या आत, त्याच जागी मॉडेलमधे दोनदा टाकलेले होते. ते सोडवताना एकत्रच ओढले गेले म्हणून एकमेकांत लपलेले, स्क्रीनवर कितीही फिरवलं तरी दिसले नसते.